‘मोबाईल रिपेअर जवळपास’ शोधलं, तर तुमचं दुकान का दिसत नाही?



सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान साताऱ्यात पोवई नाक्याच्या जवळ आहे. दुकान टाकून जेमतेम वर्ष झालं होतं. एक दिवस एक काका फुटलेला डिस्प्ले घेऊन आले आणि वैतागून म्हणाले, "अहो, तासभर फिरतोय. मॅपवर तीन दुकानं दाखवली. एक बंद, एक सापडलंच नाही, तिसऱ्याकडे पार्ट नाही. तुमचा बोर्ड दिसला म्हणून आत आलो." ते उभे होते तिथून माझं दुकान चारशे मीटरवर होतं. डिस्प्लेही माझ्याकडे होता. पण मॅपसाठी मी त्या रस्त्यावर नव्हतोच.

त्या रात्री मी घाईघाईने मॅपवर दुकान टाकलं, आणि त्यातही चूक केली. ती चूक पुढे सांगतोच. आज आपण एकच काम नीट करायचं आहे. गुगल बिझनेस प्रोफाईल म्हणजे मॅपवरची आपली फुकट नोंद, ती पहिल्या दिवसापासून बरोबर कशी उभी करायची ते बघू. रिपेअर शॉप असो की सलून, पद्धत तीच. पूर्वी यालाच गुगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. त्याचं वेगळं ॲपही आता नाही. सगळं काम गुगल मॅप्सच्या ॲपमधून किंवा गुगल सर्चमधूनच होतं.

उदाहरणाला आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं सलून घेऊ. गोडोलीत पहिल्या मजल्यावर लेडीज सलून, एक मदतनीस मुलगी, दोन खुर्च्या. काम चांगलं, पण गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं. नवीन कॉलनीत राहायला आलेल्या बायकांना वर सलून आहे हेच माहीत नव्हतं.

आधी शोधा, मग बनवा

ताई म्हणाल्या, "सर, माझी नोंद नाहीये, नवीन करू." मी म्हटलं, आधी मॅपवर सलूनचं नाव टाकून बघा. बघितलं तर नोंद होती! दोन वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने स्वतःच्या जीमेलवरून बनवलेली. फोन नंबर जुना, एकही फोटो नाही, आणि भाचा आता नोकरीला पुण्यात.

हे फार दुकानांचं होतं. कधी भाचा, कधी बोर्ड बनवणारा, कधी ‘ऑनलाईन करून देतो’ म्हणत दारावर आलेला मुलगा. अशा वेळी दुसरी नोंद बनवायची नाही. एकाच दुकानाच्या दोन नोंदी झाल्या की रिव्ह्यू दोन्हीकडे विभागले जातात, गिऱ्हाईक जुन्या नंबरवर फोन करत राहतं, आणि डुप्लिकेट म्हणून एखादी काढलीही जाऊ शकते.

मग काय करायचं? नोंद कुणाच्याच ताब्यात नसेल, तर मॅपवर त्या नोंदीत `Claim this business` किंवा `Own this business?` दिसतं. तिथून ती आपल्या नावावर मागता येते. दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर तिथूनच ॲक्सेसची विनंती जाते. ताईंचं काम सोपं होतं, कारण भाचा घरचाच. त्याने प्रोफाईलमध्ये जाऊन ताईंच्या जीमेलला आधी `Owner` केलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नव्याने जोडलेल्या माणसाला पहिले सात दिवस सगळे अधिकार मिळत नाहीत. म्हणून ताईंनी आठवडाभर थांबून मग मुख्य मालकी, म्हणजे `Primary owner`, स्वतःकडे घेतली.

कुणाकडूनही हे काम करून घ्या, पण जीमेल तुमचा आणि `Primary owner` तुम्हीच. करून देणाऱ्याला फार तर `Manager` करा. दुकानाची किल्ली आपण कामगाराला देतो, खरेदीखत देत नाही. तसंच हे.

नोंद कुठेच नसेल तर `business.google.com` वर जाऊन नवीन सुरू करा. पैसे लागत नाहीत. "तुमचं लिस्टिंग बंद होणार आहे, इतके भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

नाव: बोर्डवर आहे तेच

आता माझी चूक. मी नावाच्या रकान्यात दुकानाच्या नावापुढे ‘बेस्ट मोबाईल रिपेअर सातारा, आयफोन डिस्प्ले, लॅपटॉप सर्व्हिस’ असं सगळं ठोकून दिलं. वाटलं, जितके शब्द तितकं जास्त सापडेल. थोडे दिवस बरं चाललं, मग एका सकाळी प्रोफाईल सस्पेंड. मॅपवरून दुकान गायब. नियम स्पष्ट होता, मीच वाचला नव्हता. नावात फक्त तेच लिहायचं जे दुकानाच्या बोर्डवर, बिलावर आहे. मी नाव बरोबर केलं, बोर्डाचा फोटो आणि दुकानाचे कागद जोडून पुन्हा तपासणीसाठी अपील केलं, तेव्हा नोंद परत आली. मधल्या काळात फोन बंद होता ते नुकसान माझं.

म्हणून बोर्ड, शॉप ॲक्टची पावती, बिलबुक आणि मॅप, चारही ठिकाणी नाव एकच ठेवा. बोर्डवर ‘साई’ आणि मॅपवर ‘श्री साई’ असंही नको. पुढे पडताळणीत हे जुळलं नाही तर अडतं.

कॅटेगरी: आपण कोण हे एका शब्दात

नावात जे कोंबता येत नाही ते सांगायची खरी जागा म्हणजे कॅटेगरी. यात एक मुख्य, म्हणजे `Primary category`, आणि त्याशिवाय जास्तीत जास्त नऊ जोडीच्या निवडता येतात. मुख्य कॅटेगरीचा सर्चवर चांगलाच परिणाम होतो, म्हणून तीच विचार करून निवडायची.

माझ्या दुकानात कव्हर, चार्जर, टेम्पर्ड ग्लासही विकतो. म्हणून सुरुवातीला मी मुख्य कॅटेगरी `Mobile phone shop` ठेवली होती. परिणाम काय? नवीन फोन घ्यायला निघालेली माणसं फोन करून विचारायची, "अमुक मॉडेल आहे का?" आणि डिस्प्ले फुटलेला माणूस माझ्यापर्यंत येतच नव्हता. मुख्य कॅटेगरी `Mobile phone repair shop` केली, विक्री दुसऱ्या नंबरला टाकली, तेव्हा फोनवरचे प्रश्न बदलले. "डिस्प्ले किती वेळात होईल?" हा प्रश्न आला की समजायचं, बरोबर माणूस येतोय.

ताईंचं तसंच. त्यांचं रोजचं निम्म्याहून जास्त काम थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल. मुख्य कॅटेगरी `Beauty salon`. केसांचं काम करतात म्हणून `Hair salon`, आणि लग्नसराईत ब्रायडल घेतात म्हणून `Make-up artist`. बस, तीन. नेल आर्ट त्या करत नाहीत, तर ती कॅटेगरीही नाही. जे काम करत नाही ते लिहिलं की गिऱ्हाईक पायऱ्या चढून येतं, नाराज होऊन उतरतं आणि रिव्ह्यूत राग काढतं.

थ्रेडिंग, हेअर स्पा, डिस्प्ले बदलणे, चार्जिंग पोर्ट अशी बारीक कामं `Services` मध्ये एकेक करून लिहा. दर सांगता येत असेल तर तोही टाका. दर मॉडेलप्रमाणे बदलत असेल तर रिकामा सोडला तरी चालतो.

पिन: मॅपवरची टाचणी दारात हवी

पत्ता लिहिला म्हणजे जागा बरोबर लागली असं नाही. आपल्याकडे पत्ते कसे असतात? ‘अमक्या हॉस्पिटलच्या मागे, तमक्या मंदिरासमोर.’ मशीन त्यातून अंदाज करतं आणि टाचणी भलतीकडे पडते. ताईंची टाचणी बिल्डिंगच्या मागच्या बोळात पडली होती. तिथे कंपाउंडची भिंत आहे, दारच नाही. नवीन बाई मॅप लावून यायची, भिंतीपाशी उभी राहायची आणि परत जायची. फोन करेल ती दहातली एखादी.

प्रोफाईलमध्ये पत्ता बदलायच्या जागी नकाशा उघडून टाचणी सरकवता येते. नकाशा सॅटेलाईट चित्रावर करा, पूर्ण मोठा करा आणि रस्त्याकडच्या दारावर, जिन्यापाशी टाचणी ठेवा. पत्त्याच्या ओळीत मजलाही लिहा.

मग परीक्षा घ्या. जो मित्र तुमच्या दुकानात कधी आला नाही त्याला फक्त मॅपची लिंक पाठवा आणि सांगा, फोन न करता ये. ताईंनी मदतनीस मुलीच्या मैत्रिणीला असंच बोलावलं. ती बरोबर जिन्यापाशी आली, पण तिथेच थांबली. वर सलून आहे हे खाली कुठे लिहिलेलंच नव्हतं! मॅपचं काम जिन्यापर्यंतच. ताईंनी खाली बाणाचा छोटा बोर्ड लावला.

घरी जाऊन पार्लर करणाऱ्या किंवा फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीला गिऱ्हाईकाच्या घरी जाणाऱ्यांचं काय? तुमच्याकडे गिऱ्हाईक येत नसेल तर घरचा पत्ता लपवा आणि त्याऐवजी सेवा देत असलेले भाग टाका. असे वीसपर्यंत भाग टाकता येतात. पण अख्खा महाराष्ट्र लिहून उपयोग नाही. जिथे खरंच जाता तेवढंच लिहा.

पडताळणीचा व्हिडिओ: इथे निम्मे लोक अडकतात

सगळं भरलं तरी पडताळणी, म्हणजे व्हेरिफिकेशन, झाल्याशिवाय प्रोफाईल पूर्णपणे तुमच्या हातात येत नाही. पद्धत आपण निवडत नाही. कुणाला एसएमएसवर कोड येतो, कुणाला पोस्टाने कार्ड, पण आता बऱ्याच नव्या दुकानांना व्हिडिओच मागितला जातो. तो फोनवरच, त्याच स्क्रीनवरून, एका दमात काढायचा. मध्ये कट नाही, एडिटिंग नाही, आधी काढून ठेवलेला चालत नाही. किमान तीस सेकंदांचा हवा.

ताईंना मालकी मिळाली, मग त्यांनी पत्ता दुरुस्त केला आणि त्यांच्याकडे पुन्हा पडताळणी मागितली गेली. पहिला व्हिडिओ नापास. तो मी बघितला तेव्हा कारण लगेच कळलं. व्हिडिओ सलूनच्या आतच सुरू झाला. आरसे, खुर्च्या, भिंतीवरचं पोस्टर, संपला. बघणाऱ्याला कसं कळणार की हे सलून गोडोलीत आहे आणि या बाईंचंच आहे?

व्हिडिओत तीनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात. जागा खरी आहे, धंदा खरा आहे, आणि तो चालवणारे तुम्ही आहात. दुसऱ्या वेळी आम्ही आधी कागदावर क्रम लिहिला, फोन न चालवता एकदा चालून बघितलं, मग रेकॉर्ड केलं:

१. कोपऱ्यावरच्या मेडिकलपासून सुरुवात. दुकानाची पाटी आणि रस्ता दिसेल असा फोन हळू फिरवला.
२. चालत बिल्डिंगपर्यंत. खालचा बाणाचा बोर्ड, मग जिना.
३. वर सलूनचा बोर्ड. नाव वाचता येईल इतका वेळ थांबल्या.
४. स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडलं. मालक असल्याचा हा चांगला पुरावा, कारण गिऱ्हाईक कुलूप उघडत नाही.
५. आत खुर्च्या, वॅक्स हीटर, सामानाचं कपाट आणि गल्ला उघडून दाखवला.
६. शेवटी भिंतीवरची शॉप ॲक्टची पावती. त्यावरचं नाव आणि बोर्डवरचं नाव एकच.

एकूण सव्वा मिनिट. गिऱ्हाईक नसताना, सकाळी उघडताना काढला, कारण लोकांचे चेहरे आणि आधार, बँक असली खासगी माहिती व्हिडिओत येऊ द्यायची नाही. रेकॉर्डिंग संपलं की अपलोड पूर्ण होईपर्यंत स्क्रीन बंद करू नका. तपासणीला पाच कामाचे दिवस लागू शकतात. तेवढ्यात नाव, पत्ता बदलत बसू नका. रिपेअरवाल्यांनी पाचव्या पायरीला सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर गन, पार्ट्सचे डबे आणि जॉब कार्डचं पुस्तक दाखवावं.

वेळ खरी लिहा

काकांच्या गोष्टीतलं पहिलं दुकान आठवतंय? मॅपवर उघडं, प्रत्यक्षात बंद. आपल्याकडे दुपारी दोन ते चार शटर अर्ध्यावर असतं, पण नोंदीत लिहिलेलं असतं सकाळी नऊ ते रात्री नऊ. एका दिवसात दोन वेळा टाकता येतात. दहा ते दोन आणि चार ते नऊ असं सरळ लिहा. आठवड्याची सुट्टी `Closed` करा. गणपती, दिवाळी, गावची जत्रा यासाठी `Special hours` असतात, त्या आधीच भरून ठेवा.

फोन नंबरही दुकानात दिवसभर उचलला जातो तोच. मॅपवरून फोन करणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही उचलला नाही तर तो वाट बघत नाही, खालच्या दुकानाचा नंबर दाबतो.

आता दिसतो का? नीट तपासा

नोंद झाली की सगळे एकच करतात. दुकानात बसून सर्च मारतात आणि खूश होतात, "सर, मी पहिला!" अहो, तुम्ही दुकानातच बसलाय. गुगल स्वतः सांगतं की जवळपासच्या सर्चचा निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचा नावलौकिक किती. दुकानात बसल्यावर अंतर शून्य, मग पहिले दिसणारच. हा नंबर पैसे देऊन वर नेता येत नाही. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते.

म्हणून तीन जागी जाऊन बघा. ताईंनी सलूनपासून पाच मिनिटांवर, मग पोवई नाक्यावर, मग एसटी स्टँडवर उभं राहून ‘ब्युटी पार्लर जवळ’ शोधलं. गोडोलीत दिसल्या, नाक्यावर खाली गेल्या, स्टँडवर दिसल्याच नाहीत. त्या नाराज झाल्या. मी म्हटलं, "ताई, स्टँडवरची बाई थ्रेडिंगला गोडोलीत येणार आहे का? तुमच्या कॉलनीत दिसताय ना, काम झालं." अंतर आपण बदलू शकत नाही. जुळणं कॅटेगरी आणि सेवांनी होतं, तो भाग आपण केला. उरला नावलौकिक.

त्याचा आपल्या हातातला मोठा भाग म्हणजे रिव्ह्यू. प्रोफाईलमध्ये रिव्ह्यू मागायची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. मी तो छापून काउंटरवर लावलाय. पण नुसता लावून कुणी करत नाही. गिऱ्हाईक दुरुस्त फोन हातात घेऊन टच, कॅमेरा, चार्जिंग तपासतं आणि "झालं बरं का" म्हणतं, त्या क्षणी मी म्हणतो, "काय काम केलं ते दोन ओळी लिहाल का?" ‘काय काम केलं’ हे मुद्दाम विचारतो. ‘गुड सर्व्हिस’पेक्षा ‘पावसात भिजलेला फोन दुसऱ्या दिवशी चालू करून दिला’ हे पुढच्या माणसाला उपयोगी पडतं. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देणं किंवा नातेवाइकांकडून खोटे लिहून घेणं नियमात बसत नाही, त्या भानगडीत पडू नका.

वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. मला एकाने एक तारा दिला होता, "तीन दिवस लावले." मी लिहिलं, "दादा, उशीर झाला हे खरं. पार्ट पुण्याहून यायला वेळ लागला आणि तुम्हाला मध्ये फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता प्रत्येक जॉब कार्डवर तारीख लिहून देतो." त्याने तारा बदलला नाही. पण नंतर एक गिऱ्हाईक ते उत्तर वाचून आलं आणि आल्या आल्या म्हणालं, "तारीख लिहून देता ना?"

महिन्यातून पंधरा मिनिटं

महिन्यातून एकदा `Performance` उघडा. मॅपवरून किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला, कोणते शब्द शोधून लोक आले, हे तिथे दिसतं. माझ्याकडे लॅपटॉपचे शब्द वाढताना दिसले, तेव्हा मी लॅपटॉपचं काम सेवांमध्ये नीट लिहिलं. त्याच वेळी नंबर, वेळ आणि टाचणी तपासा. मॅपवर कुणीही `Suggest an edit` करून तुमची माहिती बदलायला सुचवू शकतो, आणि कधी कधी तो बदल लागूही होतो. दुकान हलवलं तर नवीन नोंद करू नका. त्याच नोंदीत पत्ता बदला, म्हणजे जमवलेले रिव्ह्यू सोबत येतात.

ताईंकडे परवा गेलो होतो. खुर्चीवर एक नवीन बाई होत्या. ताईंनी विचारलं, "कुणी सांगितलं आमचं?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. मॅपवर बघितलं, खाली बाण दिसला, आले."

आज दुकान बंद करायच्या आधी एक करा. मॅप उघडा, स्वतःच्या दुकानाचं नाव टाका आणि दिसेल त्या नंबरवर फोन लावून बघा. फोन तुमच्याच खिशात वाजला, तर पहिली पायरी जमली.